एचआर मॅडमना लिहू का साहेबांना? दोघांचे नंबर असतील तर हे असं करा

नाशिककडे सिन्नर, अंबड, सातपूर इथं नोकरी बदलणाऱ्या पोरांचे मला महिन्यातून दोन-तीन तरी फोन येतात. प्रश्न ठरलेला असतो, "दादा, एचआरचा पण नंबर आहे आणि ज्यांच्या हाताखाली काम करायचंय त्या साहेबांचा पण आहे, कोणाला टाकू?" आणि त्याच्या आधी कोणीतरी त्याला सांगून झालेलं असतं की डायरेक्ट साहेबालाच गाठ, एचआरला काय कळतंय. मी क्वालिटीमधे आहे, तीनदा कंपनी बदललीय, आणि आता माझ्या हाताखाली माणसं घ्यायची असतात तेव्हा टेबलच्या दुसऱ्या बाजूला मीच बसतो. त्या सल्ल्याने काय होतं ते दोन्ही बाजूंनी बघितलंय.

सीव्ही नीट करा, फाईलला नाव नीट द्या, हे मी सांगत बसत नाही.

सगळ्यात आधी बघा की समोरचा रिक्रूटर कंपनीचा स्वतःचा आहे का कन्सल्टन्सीचा. ओळखायला सोपं आहे, मेल आयडी कंपनीच्या नावाचा नसेल, बोलताना "आमचे क्लायंट" असं येत असेल आणि सीव्ही हातात पडेपर्यंत कंपनीचं नाव सांगत नसतील तर कन्सल्टन्सी. कन्सल्टन्सी असेल तर मधे पैसा आहे. तुम्ही जॉईन झालात की कंपनी त्यांना फी देते, बऱ्याच ठिकाणी ती वर्षाच्या पॅकेजच्या ८.३३ टक्के असते, म्हणजे एक महिन्याचा पगार. सहा लाखाच्या पॅकेजवर जवळजवळ पन्नास हजार. आता त्यांनी तुमचा सीव्ही पाठवला आणि तुम्ही साहेबांना पण वेगळा पाठवला, तर एकच माणूस दोन दरवाज्यांनी आत आला, मग फी द्यायची का नाही यावर कंपनी आणि कन्सल्टन्सी भांडतात. भांडण लांबलं तर कंपनी सरळ दुसरा माणूस घेते, कारण तेवढ्यासाठी कोण डोकं लावणार. म्हणून कन्सल्टन्सीला सीव्ही पाठवायला हो म्हणालात की त्या कंपनीसाठी तुमचा रस्ता तोच. आणि निमा या उद्योजक संघटनेच्या प्रदर्शनात साहेबांचं कार्ड आधीच मिळालेलं असेल, तर आधी साहेबांना लिहा, आणि कन्सल्टन्सीचा फोन आला की "या कंपनीत माझं आधीच बोलणं चालू आहे, तिथं सीव्ही पाठवू नका" असं मेलवर सांगून टाका. फोनवर नको, मेलवर, उद्या वाद झाला तर तारीख दिसते.

खाली जे लिहितोय ते कंपनीच्या स्वतःच्या एचआरबद्दल आहे, खरा गोंधळ तिथंच होतो.

पहिला मेसेज कोणाला? ज्यांनी तुमच्याशी आधी बोलणं सुरू केलं त्यांना. मॅडमनी फोन करून बोलावलं असेल तर मॅडम, साहेब ओळखीचे असतील आणि त्यांनी "सीव्ही पाठव" म्हटलं असेल तर साहेब. साहेब मग स्वतःच म्हणतात की एचआरला पाठवतो, तसं म्हणाले की तिथून पुढचं सगळं मॅडमकडे.

मधल्या काळात कुठली गोष्ट कोणाची, हे प्रश्नावरून ठरतं, खुर्चीवरून नाही. पगार, नोटीस पिरियड, जॉईनिंगची तारीख, कागदपत्रं, इंटरव्ह्यूची वेळ बदलणं हे मॅडमचं. लाईन कुठली, कस्टमर कोण, शिफ्ट कशी, टीम केवढी हे साहेबांचं. पगाराचं साहेबांशी स्वतःहून कधीच काढू नका. साहेबांनी विचारलंच तर "मॅडमना सात सांगितलेत" असा तोच आकडा सांगा. दोघांना दोन आकडे सांगणारी पोरं मी बघितलीत, त्यांना वाटतं हे दोघं एकमेकांशी बोलत नसतील. रोज एका कॅन्टीनमधे जेवतात ओ.

आता जिथं माझी स्वतःची वाट लागली होती तो भाग. इंटरव्ह्यू चांगला झाला, एचआर म्हणाले शुक्रवारपर्यंत कळवतो, शुक्रवार गेला, पुढचा आठवडा गेला, फोन उचलत नाहीत. माझ्याकडे प्लांट हेडचा मेल आयडी होता. मी रात्री साडेअकराला मेल टाकला, "सर, एचआरकडून काहीच रिप्लाय येत नाहीये, कृपया आपण लक्ष घालावं." मला वाटलं सर रागावतील एचआरवर. सरांनी काय केलं, तो मेल जसाच्या तसा एचआरला फॉरवर्ड केला, वर फक्त "बघा जरा" एवढंच. सकाळी मला फोन आला, आवाज एकदम गोड, "तुम्ही सरांना लिहिलंत का, आम्हाला विचारलं असतंत तर सांगितलं असतं." ती जागा हेड ऑफिसकडून बजेटच्या मंजुरीला अडकली होती आणि ते उमेदवाराला सांगायची त्यांना परवानगी नव्हती. मी एका ओळीत त्या बाईंना त्यांच्याच साहेबांपुढे कामचुकार ठरवलं होतं. ती नोकरी मला मिळाली नाही. मंजुरी आल्यावर दुसऱ्याला बोलावलं, आणि त्यांच्या जागी असतो तर मी पण तेच केलं असतं.

तेव्हा गप्प झालेल्या एचआरच्या डोक्यावरून जायचं नाही, पण साहेबांना लिहायचंच नाही असंही नाही. लिहायचं, फक्त तक्रार सोडून दुसरं काहीतरी लिहायचं. हे कसं ते माझ्या मावसभावाच्या केसवरून सांगतो, गेल्या वर्षीचीच गोष्ट आहे.

तो अंबडला एका मशीन शॉपमधे क्वालिटी इंजिनिअर, इंटरव्ह्यू सिन्नरच्या प्लांटला झाला मंगळवारी. मॅडम म्हणाल्या शुक्रवारी सांगते. शुक्रवारी काही नाही. शनिवारी याने मला फोन केला, साहेबांना मेसेज टाकू का. म्हटलं थांब. शुक्रवार म्हटलं की मी पुढचा मंगळवार धरतो, कारण सोमवार सकाळ प्लांटमधे कोणाचीच नसते. मंगळवारी त्याने मॅडमना दोन ओळी लिहिल्या, "मॅडम, मागच्या मंगळवारच्या क्वालिटी इंजिनिअरच्या इंटरव्ह्यूबद्दल विचारायचं होतं. निर्णयाला वेळ लागणार असेल तरी हरकत नाही, फक्त साधारण कधीपर्यंत ते कळलं तर मला इकडे नियोजन करता येईल." बघा, हो का नाही विचारलेलं नाही, फक्त तारीख विचारलीय. मंजुरी अडकली असली तरी या प्रश्नाला उत्तर देता येतं.

दोन दिवस उत्तर नाही. मग शुक्रवारी साहेबांना. इंटरव्ह्यूमधे त्यांनी विचारलं होतं की मशीनिंग झाल्यावर कास्टिंगचे पीस लीक टेस्टला फेल जातात तर तू कुठून सुरुवात करशील, आणि हा गडबडून फक्त पोरॉसिटी, म्हणजे कास्टिंगमधली बारीक छिद्रं, एवढंच बोलला होता. घरी येऊन त्याला आठवलं की आधी टेस्ट फिक्स्चरचं सील तपासायला पाहिजे, तेच पीस पुन्हा लावून बघायचे, पुन्हा फेल गेले आणि आधीच चांगला ठरलेला मास्टर पीस पास झाला तरच कास्टिंगकडे बोट दाखवायचं. म्हटलं हेच लिही. त्याने लिहिलं, "सर, त्या दिवशी लीक टेस्टच्या प्रश्नाला माझं उत्तर अर्धवट राहिलं," मग खाली चार ओळीत वरचंच, आणि शेवटी, "पुढच्या प्रक्रियेसाठी मी मॅडमच्या संपर्कात आहेच." बास. माझं काय झालं, रिझल्ट कधी, एक शब्द नाही. साहेबांना तो आठवला, आणि मॅडमचं नाव आलं ते आदराने आलं.

एक धोक्याची सूचना, असं काही लिहिताना आपल्या आत्ताच्या कंपनीचा रिपोर्ट, ड्रॉईंग, कस्टमरचं नाव काहीही जोडू नका. माझ्याकडे एकाने दुसऱ्या कंपनीचा अख्खा 8D रिपोर्ट, म्हणजे बिघाडाचं कारण आणि उपाय लिहिलेला रिपोर्ट, पाठवला होता, हुशार होता पण नाही घेतला, उद्या आमचाही असाच कुठेतरी जाईल.

आणि हे विसरू नका, त्याच दिवशी मॅडमना पण कळवायचं. "मॅडम, सरांच्या एका टेक्निकल प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं ते त्यांना मेलवर पाठवलंय, तुमच्या माहितीसाठी." लोक म्हणतात सीसीत ठेव ना. टेक्निकल मेलला मॅडमना सीसी चालतं, पण मला वेगळा मेसेज बरा वाटतो, चार ओळी फिक्स्चरच्या वाचत बसायला लागत नाहीत. उलटं मात्र कधीच करू नका, म्हणजे मॅडमना आठवण करून देताना साहेब सीसीत. ती आठवण राहत नाही, चुगली होते. बीसीसी तर नकोच, साहेबांनी रिप्लाय ऑल दाबलं की सगळं उघडं.

अपवाद एकच. दुसऱ्या कंपनीची ऑफर हातात आहे आणि उत्तर द्यायची तारीख आहे. तेव्हाही पहिला फोन मॅडमनाच, तारखेसकट, "सोमवारपर्यंत मला तिकडे कळवायचंय, पण माझी इच्छा तुमच्याकडची आहे." एक पूर्ण दिवस द्या, आणि उत्तर आलं नाही तर साहेबांना तेच वाक्य, सोबत "मॅडमना काल कळवलंय." इथे साहेबांना रिझल्टबद्दल विचारलेलं चालतं, कारण घाई खरी आहे. खोटी ऑफर सांगायच्या भानगडीत पडू नका, लेटर दाखवा म्हणाले की काय करणार?

मावसभावाचं पुढे असं झालं की साहेबांनी रिप्लाय दिलाच नाही. पण सोमवारी दुपारी मॅडमचा फोन आला, मंजुरीला आणखी दहा दिवस लागतील म्हणाल्या, आणि त्यांनी स्वतःहून विचारलं की तुमचा नोटीस पिरियड साठ दिवसांचा आहे तो कमी होईल का. हे साहेबांना विचारू का म्हणून याने परत मला फोन केला. म्हटलं अरे बाबा, नोटीस पिरियड.