व्हिलनच्या पंटरांना नावं ठेवताना या चुका टाळा

आमच्याकडे आता ज्याच्याकडे बरा मोबाईल आहे तो शॉर्ट फिल्म काढतो, आणि त्यात एक व्हिलन असतो, आणि त्याच्यामागे चार-पाच पंटर असतात, आणि त्यांची नावं असतात टकल्या, जाड्या, लंब्या, फुग्या. मी जळगाव-यावल पट्ट्यात गेली काही वर्षं पोरांच्या स्क्रिप्टा वाचतोय, दर वेळी हेच. भो, टकल्या काय करतो? त्याला टक्कल आहे, बरं, ते तर दिसतंच आहे, मग नाव कशाला वाया घालवलं?

पंटरच्या नावाला दोन कामं असतात. ऐकल्यावर हसू आलं पाहिजे आणि हा गडी टोळीत काय करतो ते लगेच कळलं पाहिजे. नुसत्या अंगावरून ठेवलेलं नाव पहिलं काम कसंबसं करतं, दुसरं अजिबात नाही.

हे मी स्वतः खड्ड्यात पडून शिकलो. आमच्या पिक्चरमध्ये तिजोरी फोडणाऱ्याचं नाव होतं फुग्या, कारण पोरगा गोलमटोल होता आणि मला ते फार भारी वाटलं होतं. गणपतीत मंडळासमोर पडद्यावर लावला. व्हिलन ओरडतो, 'ए फुग्या, उघड तिजोरी!' आणि समोर चिडीचूप. पहिल्या रांगेतल्या एका काकूंनी शेजारणीला विचारलं, 'हा फुग्या नेमका करतो काय व?' मला स्टेजमागे ऐकू आलं. तिजोरीचा सीन अर्धा झाला तरी लोकांना कळलं नव्हतं की हा तिजोरीवाला आहे, ते बिचारे कुठला फुगा फुटतो का याची वाट बघत होते.

मग डबिंगमध्ये नाव बदलायचं ठरलं. पहिलं सुचलं 'खटक्या', कडी उघडताना खट्ट होतं म्हणून. पण शूट झालेल्या तोंडात 'खटक्या' बसेना, कारण 'फु' म्हणताना ओठ पुढे येतात ते क्लोजअपमध्ये दिसतात आणि 'ख' ला तर ओठ हलतच नाहीत, शिवाय एक अक्षर जास्त. दोन अक्षरी, ओठांवरचं, शेवटी 'या' असलेलं नाव पाहिजे होतं. रात्री बारा वाजता गॅरेजवाला मित्र म्हणाला, पान्या ठेव ना. 'प' ओठांवरचा, शेवट तोच. 'आ' ला तोंड थोडं जास्त उघडतं, पण तो एकच क्लोजअप होता, तिथे आम्ही तिजोरीचा शॉट टाकून झाकला. आणि एक जादाचा शॉट घेतला, पान्या खिशातून दहा नंबरचा पाना काढतो आणि एवढ्या मोठ्या तिजोरीला लावून बघतो. पुढच्या वेळी लोक तिथेच हसले. काकू नव्हत्या, तेवढं वाईट वाटलं.

तर माझी सवय अशी की पोराकडे बघायचंच नाही, आधी त्याच्या हातात काय असणार ते बघायचं. आत्ता एका टोळीचं काम चाललंय तेच सांगतो. व्हिलन आहे घड आप्पा, रावेरकडच्या मळ्यांतून रात्रीचे केळीचे घड चोरतो. त्याला माणसं कोण लागणार? अंधारात पहारा देणारा, त्याचं नाव बॅटरी, आणि त्याच्या हातातली बॅटरी कायम डाऊन. गाडी चालवणारा हाफक्लच हिरामण, पहिल्याच वळणाला गाडी बंद पाडतो. वजनात मारणारा काट्या. हप्ता वसूल करणारा पावती नाना, धमकी देतो, पैसे घेतो आणि रीतसर पावती फाडतो, कार्बन कॉपीसकट. बघा, एकाचंही काम समजावून सांगावं लागलं नाही. आणि प्रत्येक नावातच त्याचा पुढचा गोंधळ लपलेला आहे, म्हणजे लेखकाला सीनही फुकट मिळतो.

हाफक्लच हिरामण हे एवढं लांब नाव फक्त एंट्रीला घ्यायचं हं. नंतर नुसता 'हिरामण!' कारण पळापळीत कोणी आठ अक्षरं ओरडत नाही. शोले (1975) मधला सांबा आठवा, बिचाऱ्याला बोलायला जवळपास काहीच नाही, पण नाव दोन अक्षरी, शेवटी मोकळा 'आ', गब्बरने हाक मारली की दगडावरून घुमतं. हाकेला चालेल असंच नाव पाहिजे.

गंप्या, चंप्या, झंप्या अशी जोडगोळी करू नका. कोण मेला कोण पळाला कळत नाही. माझी सोपी युक्ती, गच्चीवर उभं राहून खालच्या माणसाला सगळी नावं ओरडून सांगायची, त्याला दोन सारखी ऐकू आली की एक बदलायचं. बॅटरी, हिरामण, काट्या, पावती यांत एकाचाही पहिला आवाज दुसऱ्यासारखा नाही, मुद्दाम.

टोनी, रॉबर्ट वगैरे अमळनेरच्या शिवारात आणू नका.

नाव ठेवून परत व्हिलनच्या तोंडून 'याला पावती का म्हणतात माहितीय?' असं वदवून घेणाऱ्यांवर मी बोलतच नाही.

आता आपल्याकडचा खास घोळ. गोळ्या झाडणाऱ्याचं नाव एका पोराने ठेवलं गोळ्या. कागदावर छान. पण व्हिलन झालेला दादा अस्सल खानदेशी, त्याच्या तोंडात 'ळ' चा 'य' होतो, काळा तो काया, डोळा तो डोया. शूटला तो छातीठोक ओरडला, 'ए गोया!' कॅमेरावाला पुण्याचा, त्याला वाटलं हे नवीन कॅरेक्टर आहे. सतरा टेक झाले, दादा घामाने भिजला, शेवटी चिडला, 'मना तोंडले हाईच येस, तुम्ही नाव बदला!' आणि बरोबर होतं त्याचं. अशा वेळी दोनच रस्ते, एकतर 'ळ' नसलेलं नाव घ्या, नाहीतर सगळ्या टोळीलाच 'गोया' म्हणू द्या आणि शहरी इन्स्पेक्टरला एफआयआरमध्ये 'गोया, बहुधा परदेशी' असं लिहू द्या. आम्ही दुसरं केलं. घाईवाल्यांनी नटाला बोलायला शिकवत बसू नये, नाव बदलायला दोन मिनिटं लागतात.

आणि एक. नेटवरून 'फनी नेम्स' ची यादी उतरवणारे आता आणखी पुढे गेलेत, त्यांना सुपडू आणि उखर्डू ही नावं 'कॉमेडी' वाटतात. ही आपल्याकडच्या माणसांची खरी नावं आहेत. मुलं जगत नसत तेव्हा बाळाला सुपात ठेवायचे, उकिरड्यावर लोळवायचे, दृष्ट लागू नये म्हणून, आणि नाव तेच पडायचं. हसणाऱ्याच्या घरी एखादा आजोबा त्याच नावाचा असतो. एका पोराने कचरा उचलणाऱ्या पंटरचं नाव उखर्डू ठेवलं होतं, कामाला अगदी फिट, मलाही क्षणभर हसू आलं. मग मी त्याला म्हटलं, घरी जा आणि आईला वाचून दाखव. दुसऱ्या दिवशी आला तेव्हा स्क्रिप्टमध्ये नाव खोडून वर लिहिलं होतं, घंटागाडी गुल्या.