डेल्फ ए१ची तोंडी: ओळखीच्या पहिल्या मिनिटात काय बोलायचं?

डेल्फ ए१ या फ्रेंच भाषेच्या सुरुवातीच्या पातळीच्या परीक्षेत तोंडीचा पहिला भाग साधारण एका मिनिटाचा असतो आणि त्याला तयारीचा वेळ मिळत नाही. परीक्षक विचारतात, आपण उत्तर देतो. मी विद्यार्थ्यांकडून हा संवाद करून घेते. समजा, तेजश्री नाशिकची आहे:

– बाँझूर! व्हू व्हूझापले कोमाँ?
– बाँझूर मादाम, ज्य मापेल तेजश्री.
– व्हू व्हने दू?
– ज्य व्हियँ द नाशिक, आँ-नँद.
– केस क व्हू फेत दाँ ला व्ही?
– ज्य स्वी अँझेनियर.
– ए केस क व्हूझेमे फेर?
– झेम ला म्यूझीक. ज्य झू द्यू तबला ए ज्य फे द ला राँदोने. ए व्हू, मादाम?

नाव, गाव, काम, छंद एवढंच. (राँदोने म्हणजे डोंगरातली भटकंती, सह्याद्रीवाल्यांना हे वाक्य हमखास लागतं.)

व्यवसाय सांगताना ‘ज्य स्वी अँ अँझेनियर’ म्हणू नका. हा ‘अँ’ इंग्रजीतल्या सवयीने येतो. आपण मराठीत ‘मी इंजिनिअर आहे’ म्हणतो, ‘मी एक इंजिनिअर आहे’ म्हणत नाही, फ्रेंचमध्येही तसंच. राष्ट्रीयत्व सांगायचं तर मुलगा ‘अँदियँ’ आणि मुलगी ‘अँदियेन’. हे आपल्याला जड जाऊ नये, तरी घाईत मुलीही ‘अँदियँ’ म्हणून मोकळ्या होतात.

छंदात ‘झू’ हे एकच क्रियापद दोन वाटांनी जातं. वाद्य असेल तर ‘द्यू तबला’, खेळ असेल तर ‘ओ क्रिकेत’. ‘झू ओ तबला’ म्हटलंत तरी परीक्षकांना कळेल, पण तुम्ही तबल्याचा खेळ मांडलाय असं ऐकू येईल.

खरी गंमत नावाशी होते. मराठी नाव ऐकलं की परीक्षक स्पेलिंग विचारू शकतात: ‘सा सेक्री कोमाँ?’ तेजश्रीने इंग्रजीसारखं ‘टी, ई, जे’ सुरू केलं, तर कागदावर T, I, G उमटेल. कारण फ्रेंचमध्ये ‘ई’ हा I चा उच्चार आहे आणि G ला ‘झे’ म्हणतात. J म्हणजे ‘झी’, आणि E चा उच्चार ‘अ’च्या जवळ जातो. तिचं नाव असं सांगायचं: ते, अ, झी, आ, एस, आश, एर, ई. संपूर्ण वर्णमाला नंतर बसवा. आधी स्वतःचं नाव आणि आडनाव न अडखळता सांगता येईपर्यंत घोका.

बाकीचं मात्र पाठ म्हणून दाखवू नका. चारही वाक्यं एका दमात ओतली, की परीक्षक मध्येच थांबवून ‘तुम्ही कुठे राहता?’ विचारतात आणि पाठांतराची गाडी रुळावरून घसरते. तेव्हा ‘झाबीत आ नाशिक’ एवढं सांगून थांबा, पुढचा प्रश्न येऊ द्या. प्रश्न समजला नाही तर ‘व्हू पुव्हे रेपेते, सिल व्हू प्ले?’ म्हणा.