महिनाभर परगावी होतात? मेसची सूट मागताना

सोलापुरात होस्टेलला राहून महिनाभर ट्रेनिंगला बाहेर गेलात, तर परतल्यावर कमिटीकडे 'पूर्ण मेस फी परत द्या' असा अर्ज करू नका. तो तिथेच अडतो. स्वयंपाकीण मावशींचा पगार आणि भांडी-दुरुस्ती तुम्ही नसलात तरी चालूच असते. वाचतो तो फक्त शिध्याचा खर्च. तेवढाच मागा.

समजा फी ३००० रुपये, त्यात स्थिर खर्च ९००. उरले २१००, म्हणजे रोजचे ७०. तुम्ही २८ दिवस नव्हता. जाण्या-येण्याचे दोन दिवस सोडा, कारण त्या दिवशी एखादं जेवण झालेलं असतं. २६ गुणिले ७०, म्हणजे १८२०. हा हिशोब अर्जातच मांडा. स्थिर खर्चाचा आकडा मेस सेक्रेटरीकडून आधी विचारून घ्या.

सोबत गेट रजिस्टरमधल्या नोंदीचा फोटो आणि ट्रेनिंगचं पत्र जोडा. खरी गोम वेगळीच: जाण्यापूर्वी मेसला लेखी कळवलं नसेल, तर तुमच्या नावाची भाकरी रोज थापली गेलेली असते. मग पहिले काही दिवस कापले जातील, त्यावर वाद घालू नका. रोख मिळेना तर पुढच्या महिन्याच्या बिलातून वळती करायला सांगा. कमिटी त्याला लवकर हो म्हणते.