गोल टेबलाचा प्रश्न धाकट्या भावंडाला कसा समजावून द्यावा

उत्तरपत्रिकेत सुटलेली आकृती असते, पण ती कोणत्या क्रमाने भरली हे दिसत नाही. धाकटं भावंड अडतं ते तिथेच. म्हणून कोरा कागद घ्या आणि आकृती त्याच्यासमोर नव्याने भरा.

प्रश्न असा: सहा जण गोल टेबलाभोवती केंद्राकडे तोंड करून बसले आहेत. मीना सुधाच्या शेजारी नाही. गणू विजूच्या शेजारी आहे. सुधा रमाच्या उजवीकडे दुसरी आहे. रमा आणि विजू समोरासमोर आहेत. सहावा नंदू. तर मीनाच्या लगेच उजवीकडे कोण?

आधी वर्तुळावर समान अंतरावर सहा खुणा करा, एक अगदी खाली, एक अगदी वर. मग त्याला विचारा, यातलं कोणतं वाक्य वाचून लगेच पेन्सिल टेकवता येईल? पहिलं नाही, ‘शेजारी नाही’ म्हटल्याने कोणाचीच जागा कळत नाही. शेवटचं वाक्य मात्र पक्कं आहे. रमाला खाली बसवा, विजूला वर.

खाली बसलेल्या रमाचा उजवा हात आणि कागद बघणाऱ्याचा उजवा हात एकाच बाजूला येतात. त्या बाजूची पहिली जागा सोडून दुसरीवर, म्हणजे वर उजवीकडे, सुधा. इथे मुलं रमालाच ‘एक’ मोजतात आणि सुधाला तिच्या लगत बसवतात. ही चूक झाली की पुढे तीन वेगवेगळ्या मांडण्या निघतात. एकाच उत्तराच्या प्रश्नात असं झालं तर मोजणी पुन्हा तपासायला सांगा.

विजूच्या एका बाजूला आता सुधा आहे, म्हणून गणू दुसऱ्या बाजूला, वर डावीकडे. उरल्या खालच्या दोन जागा. उजवीकडची सुधाला लागून आहे, तिथे मीना चालणार नाही. ती डावीकडे, नंदू उजवीकडे. बाजूला ठेवलेलं ‘नाही’चं वाक्य शेवटी असं कामी येतं.

आता मीनाचा उजवा हात. कागद फिरवून मीनाला तळाशी आणा. तिच्या उजवीकडे रमा दिसते, तेच उत्तर.

कागद न फिरवता उत्तर ‘गणू’ आलं, तर भरताना आणि उत्तर शोधताना डावं-उजवं वेगवेगळं धरलं गेलं. गंमत म्हणजे दोन्ही वेळी सारखंच उलटं धरलं असतं तर आकृती आरशातली झाली असती, पण उत्तर रमाच आलं असतं! नुसतं बरोबर उत्तर पाहून पुढे जाऊ नका, सुधा कुठे बसवली ते बघा. काही जण केंद्राकडे आणि काही बाहेर तोंड करून बसतात त्या प्रश्नात प्रत्येकाचं डावं-उजवं वेगळं ठरवावं लागतं. बाहेर तोंड असलेल्याला तळाऐवजी वर आणून वाचायचं.