आकृती सुबक, गुण दीडच: जास्वंदीच्या उभ्या छेदातल्या या चुका टाळा

नाशिकमधल्या कुठल्याही शाळेत दहावीच्या सराव परीक्षेचा विज्ञान भाग 2 चा गठ्ठा उघडा. फुलाच्या उभ्या छेदाची आकृती आली असेल, तर चुका ठरलेल्या. आकृती सुंदर, पाकळ्यांवर शिरासुद्धा काढलेल्या, आणि गुण 3 पैकी दीड. मग पालक विचारतात, "एवढी छान काढलीय, गुण का कापले?" कापलेले नसतात, मिळवलेलेच नसतात.

असं एक उत्तर घेऊ. प्रश्न होता: जास्वंदीच्या फुलाच्या उभ्या छेदाची सुबक आकृती काढून परागकोश, कुक्षी, कुक्षीवृंत आणि बीजांड ही नावं द्या. आकृतीला 1 गुण, चार नावांना अर्धा-अर्धा. मुलीने नावं दिली पाच: पाकळी, निदल, परागकोश, कुक्षीवृंत, बीजांड. पाकळी आणि निदल कोणी मागितलेच नव्हते, त्यामुळे बरोबर असूनही त्यांचे गुण शून्य. कुक्षी राहूनच गेली. कुक्षीवृंत आणि बीजांड यांच्या रेषा भलतीकडे. उरला परागकोशाचा अर्धा.

राहून गेलेल्या नावाचं कारण सरळ आहे. मुलं आकृती पूर्ण करतात आणि मग आठवतील तशी नावं देतात. पाकळी आधी आठवते, कारण ती मोठी दिसते. प्रश्नातली नावं आधी समासात पेन्सिलीने फिकट लिहून घ्या, रेषा ओढली की त्या नावावर खूण करा. शेवटी समासात खूण नसलेलं नाव उरलं, तर ते लगेच दिसतं. "डोक्यात आहे, सर" म्हणणाऱ्यांच्याच आकृतीत कुक्षी नसते.

आता कुक्षीवृंत. जास्वंदीत ही चूक जवळजवळ सगळे करतात आणि तिचं मूळ फुलाच्या रचनेत आहे. पाठ्यपुस्तकातल्या साध्या फुलात मधोमध स्त्रीकेसर आणि भोवती सुटे पुंकेसर दिसतात. जास्वंदीत पुंकेसरांचे तंतू खाली एकत्र जुळून त्यांची एक लांब नळी झालेली असते आणि कुक्षीवृंत त्या नळीच्या आतून वर जातो. फुलाच्या मधोमध जो लाल दांडा बाहेर डोकावतो, तो बाहेरून दिसते ती नळी आहे. तिच्या वरच्या भागावर छोट्या छोट्या तंतूंच्या टोकाला पिवळे परागकोश असतात. मुलं त्याच दांड्यावर रेषा टेकवतात आणि लिहितात कुक्षीवृंत. तपासणाऱ्याला ती रेषा पुंकेसरांच्या नळीवर दिसते, म्हणून चूक.

उपाय दोन आहेत. आकृतीत नळी म्हणून दोन्ही बाजूंना एकेक भिंत काढा आणि मधून कुक्षीवृंताच्या दोन समांतर रेषा न्या. नावाची रेषा भिंत ओलांडून आत कुक्षीवृंतावर संपली पाहिजे. किंवा त्याहून सोपं: नळीच्या तोंडातून कुक्षीवृंत बाहेर पडतो आणि तिथून पाच फाटे फुटतात, प्रत्येकाच्या टोकाला गोल कुक्षी. फाटे फुटण्याआधीच्या त्या उघड्या तुकड्यावर रेषा टेकवा. तिथे मध्ये दुसरं काहीच येत नाही. आकृती काढताना हा तुकडा मुद्दाम थोडा लांब ठेवा, सव्वा-दीड सेंटिमीटर तरी.

हे कळायला फूल हातात घ्यावंच लागतं. कॉलेज रोडवर झेरॉक्स केलेल्या नोट्सवरून आकृती पाठ करणाऱ्यांना नळी आणि कुक्षीवृंत दोन वेगळे भाग आहेत हेच माहीत नसतं. एकेरी लाल जास्वंद घ्या. दुहेरी नको, कारण तिच्यात बरेच पुंकेसर पाकळ्यांसारखे झालेले असतात आणि सगळा गोंधळ होतो. पाकळ्या काढून टाका, ब्लेडने नळीवर खालून वर हलकी उभी चीर द्या. खोल नको, वरवर. नळी उघडली की आतून कुक्षीवृंत दोऱ्यासारखा सुटा निघतो. दोन मिनिटांचं काम आहे. ब्लेड मात्र मोठ्यांसमोरच.

बीजांडाची चूक वेगळ्या कारणाने होते. या मुलीने अंडाशय बाहेरून दिसतो तसा काढला होता, हिरवट फुगीर गोळा, आणि त्याच्या पृष्ठभागावर रेषा टेकवून लिहिलं बीजांड. बीजांडं आत असतात. अंडाशय कापलेला दाखवल्याशिवाय ती दिसणारच नाहीत, मग रेषा टेकणार कशावर? प्रश्नात उभा छेद म्हटलंय, म्हणजे अंडाशयही मधून चिरलेला हवा: बाहेर भिंत, मधोमध उभा अक्ष, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना अक्षाला चिकटलेल्या बीजांडांची एकेक रांग. बीजांडाची रेषा एकाच बीजांडाच्या आत संपवा, दोन बीजांडांच्या मधल्या मोकळ्या जागेत नाही. अंडाशयाचंही नाव मागितलं असेल, तर ती रेषा भिंतीवर थांबवा. या दोन रेषा आत-बाहेर झाल्या की दोन्हींचे गुण जातात.

अंडाशय आणि बीजांड यांतच गोंधळ होत असेल, तर स्वयंपाकघरातला टोमॅटो आडवा चिरून बघा. त्याची साल आणि गर अंडाशयाच्या भिंतीपासून झालेला असतो, बिया बीजांडांपासून. बी जिथे होती तिथे बीजांड.

पण नुसतं माहीत असून भागत नाही, जागाही लागते. चार बोटं उंचीच्या आकृतीत अंडाशय हरभऱ्याएवढा होतो आणि त्यात तीन रेषा शिरल्या की कुठली कशावर टेकली हे काढणाऱ्यालाही सांगता येत नाही. आकृती 12 ते 14 सेंटिमीटर उंच ठेवा आणि अंडाशय 3 सेंटिमीटर रुंद, म्हणजे एकेक बीजांड 4-5 मिलिमीटरचं येतं. खऱ्या फुलात अंडाशय याच्या मानाने लहान असतो, पण नावं दाखवायची आकृती आहे, तेवढी सूट घ्या. पाकळ्या दोनच काढल्या तरी चालतात. शेडिंगमध्ये वेळ घालवू नका, शेडिंगला गुण नाहीत, उलट रेषेचं टोक त्या काळपटपणात हरवतं.

निदलाचं नाव असेल, तर जास्वंदीत आणखी एक सापळा आहे. निदलांच्या खाली बारीक हिरव्या पात्यांची एक वेगळी रांग असते. ती निदलं नव्हेत. वरचा, एकमेकांना जोडलेला हिरवा पेला तो निदलपुंज. रेषा त्यावर.

बाकी किरकोळ. रेषा पट्टीनेच, आडव्या, शक्यतो सगळी नावं उजवीकडे एकाखाली एक. रेषा एकमेकींना छेदू देऊ नका. टोकाला बाण नको, बाणाने जीवशास्त्रात सहसा दिशा दाखवतात, रक्त कुठे वाहतं वगैरे. रेषा भागाच्या अलीकडे 2 मिलिमीटर थांबली तर ती कशाचीच नसते. नाव रेषेवर नाही, रेषेच्या टोकापुढे लिहा.

वहीत सराव करताना नावं हाताने झाका. मग प्रत्येक रेषा आतल्या टोकापासून वाचा: हे टोक नेमकं कशावर आहे? उत्तर मनात आलं की हात काढा. झाकलेलं नाव आणि मनातलं नाव जुळलं नाही, तर नाव खोडू नका, रेषा हलवा. परीक्षेत नाव खोडण्याच्या घाईत पुष्कळ वेळा बरोबर असलेलं नाव जातं आणि रेषा मात्र चुकीची तशीच राहते.