काय-वर्ग चाचणीत बेरजेची ओळ मोजू नये
समजा, नाशिक जिल्ह्यात निफाडच्या 60 द्राक्ष बागायतदारांपैकी 36 जण आणि दिंडोरीच्या 40 पैकी 14 जण माल निर्यात करतात. तालुका आणि निर्यात यांचा संबंध आहे का, हे काय-वर्ग चाचणी प्रत्यक्ष संख्यांची अपेक्षित संख्यांशी तुलना करून तपासते. तालुक्याचा निर्यातीशी संबंध नसता, तर निफाडच्या निर्यातदारांची अपेक्षित संख्या, म्हणजे ओळीची बेरीज गुणिले स्तंभाची बेरीज भागिले एकूण, 60 × 50 ÷ 100 = 30 आली असती. ही एक संख्या ठरली की उरलेल्या तीन (30, 20, 20) वजाबाकीनेच मिळतात; म्हणून स्वातंत्र्य मात्रा, म्हणजे मुक्तपणे ठरू शकणाऱ्या संख्या, (2 − 1)(2 − 1) = 1. बेरजेची ओळ आणि स्तंभही मोजल्यास ती (3 − 1)(3 − 1) = 4 होते, आणि येथील काय-वर्गाची 6 ही किंमत, जी 5 टक्के पातळीवरील 3.84 ही मर्यादा स्पष्टपणे ओलांडते, ती 4 मात्रांसाठीच्या 9.49 या मर्यादेच्या आत राहून संबंधाचा पुरावा नजरेआड होतो.