बुफेत रस्सा किती डाव धरायचा? केटरिंगमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

नव्याने काम घेणारा बहुधा एक ठरलेला हिशोब करतो: पाहुणे अडीचशे, रश्शाचे पदार्थ चार, प्रत्येकी दोन डाव. म्हणजे दोन हजार डाव. पंगतीत वाढणाऱ्याच्या हाती सूत्र असतं तेव्हा हा हिशोब थोडाफार चालतो, पण बुफेत हटकून फसतो. माणसाच्या पोटात जाणारा एकूण रस्सा पदार्थ वाढले म्हणून त्याच प्रमाणात वाढत नाही. काउंटरवर एकच पातळ भाजी असेल तर माणूस तिचे तीन डाव घेतो. चार पातळ पदार्थ असले तर प्रत्येकाचे तीन-तीन घेत नाही, सगळे मिळून चार-साडेचार डावांवर थांबतो. म्हणून आधी माणशी एकूण डाव ठरवावेत आणि मग ते पदार्थांत वाटावेत.

पण त्याच्याही आधी हातातला डाव मोजायला हवा. दुकानात एकसारखे दिसणारे स्टीलचे डाव प्रत्यक्षात साठ मिलीपासून सव्वाशे मिलीपर्यंत निघतात. डाव पाण्याने काठोकाठ भरून मापाच्या भांड्यात दहा वेळा ओता आणि आलेल्या आकड्याला दहाने भागा. समजा नव्वद मिली आलं. पाहुणा मात्र डाव काठोकाठ भरत नाही, ताटलीपर्यंत नेताना सांडेल म्हणून थोडा झुकवून उचलतो. त्यामुळे नव्वदचा डाव हिशोबात पंचाहत्तरचा धरावा. हे झालं बेताच्या पातळ रश्शाचं. रस्सा दाट झाला की तो डावावर ढिगासारखा बसतो आणि तोच डाव शंभर मिली उचलतो. दुपारी एक वाजता पुरेलसं वाटणारं पनीर दोन वाजता तळाला लागतं, याचं कारण पुष्कळदा हेच असतं: चेफिंग डिशमध्ये पाणी उडून रस्सा घट्ट झालेला असतो. मागच्या बाजूला एका भांड्यात उकळतं पाणी ठेवा आणि दर वीस मिनिटांनी रस्सा हलवून, लागेल तेवढं पाणी घालून तो मूळ दाटपणावर आणा. गार पाणी घालू नका. त्याने रस्सा निवतो, वर तेल साकळतं आणि पुन्हा तापेपर्यंत रांग खोळंबते.

आता एक मुंज घेऊ. इंदूरमधला दुपारचा कार्यक्रम, अडीचशे पानं. मटार-पनीर, सेव-टमाटर, दाल आणि कढी हे चार पातळ पदार्थ. सोबत बटाट्याची सुकी भाजी, कोशिंबीर, दहीवडा, पापड, पुरी, भात आणि श्रीखंड. इथे प्रत्येक पदार्थाला दोन प्रश्न विचारायचे: शंभरातले किती जण तो घेतील, आणि घेणारा दुसऱ्या फेरीसकट सरासरी किती डाव घेईल? मटार-पनीर नव्वद जण घेतील, दीड-दीड डाव. सेव-टमाटर सत्तर जण, दीड डाव. दाल ऐंशी जण, भातासोबत दीड डाव. श्रीखंड-पुरीच्या जेवणात कढी चाळीसच जण घेतील, तीही दीड डाव. म्हणजे शंभर माणसांमागे अनुक्रमे एकशेपस्तीस, एकशेपाच, एकशेवीस आणि साठ, एकूण चारशेवीस डाव. माणशी चार पूर्णांक दोन, आपल्या मर्यादेच्या आत. बेरीज पाचच्या वर गेली तर कुठल्या तरी पदार्थाचे घेणारे जास्त धरले गेलेत असं समजावं आणि पुन्हा बसावं.

अडीचशे माणसांचे एक हजार पन्नास डाव झाले, म्हणजे पंचाहत्तरच्या हिशोबाने पावणेएकोणऐंशी लिटर. त्यात पनीर साधारण सव्वापंचवीस लिटर, सेव-टमाटर पावणेवीस, दाल साडेबावीस आणि कढी सव्वाअकरा. सुरुवातीचा दोन हजार डावांचा हिशोब दीडशे लिटरवर जातो, जवळपास दुप्पट. त्यातला उरलेला रस्सा फेकावा लागतो आणि त्यात पनीरचा पैसा जातो.

या आकड्यांवर दर पदार्थाला दर डिशमागे अर्धा लिटर चढवा. काउंटरला दोन बाजू असतील तर लिटरभर. चेफिंग डिशच्या तळाशी आणि कडांना राहणारा हा रस्सा डावात येतच नाही.

लिटर मोजायचे कसे, हा प्रश्न भट्टीपाशी येतो, कारण भगोन्यावर खुणा नसतात. कामाच्या आदल्या दिवशी रिकाम्या भगोन्यात पाच-पाच लिटर पाणी मोजून ओता. प्रत्येक वेळी लांब दांड्याचा झारा तळाला टेकवून सरळ उभा धरा आणि दांड्यावर पाण्याच्या रेषेशी खूण करा. प्रत्येक भगोन्याचा झारा वेगळा ठेवावा, कारण भगोन्याचा घेर बदलला की खूण निरुपयोगी होते. हलवाई नजरेने सांगतो ते बहुतेक वेळा बरोबर असतं, पण ते त्याच्या रोजच्या भांड्यापुरतं. भाड्याने आणलेल्या भांड्यात त्याचीही नजर चुकते.

मटार-पनीरच्या सव्वापंचवीस लिटरमध्ये सगळा रस्सा नसतो. दोन सेंटिमीटरची पनीरची फोड आठेक ग्रॅमची असते. डावात तीन फोडी याव्यात अशी अपेक्षा धरली तर तीनशे अडतीस डावांना आठ किलोच्या आसपास पनीर लागतं. सोललेले मटार तीन किलो. हे दोन्ही मिळून अकरा लिटर जागा घेतात, म्हणून निव्वळ रस्सा चौदा-साडेचौदा लिटरच शिजवायचा. पंचवीस लिटर रस्सा करून वर पनीर टाकलं की डिशमध्ये फोडी हरवल्यासारख्या दिसतात. मग माणसं डावाने तळ ढवळून फोडी वेचतात आणि शेवटच्या पन्नास जणांना नुसतं लाल पाणी मिळतं. यावर चांगला उपाय म्हणजे पनीर कोमट मिठाच्या पाण्यात वेगळं ठेवणं आणि दर वेळी डिश भरताना मोजून घालणं. डिश काठोकाठ न भरता निम्मी भरली तर फोडींचं प्रमाण शेवटपर्यंत सारखं राहतं.

सेव-टमाटरला उलटी अडचण येते. सेव रस्सा पिते. भगोन्यातच सेव घातली तर पंधरा-वीस मिनिटांत सगळं गोळा होतं आणि डावांचा हिशोब कोलमडतो. रस्सा नेहमीपेक्षा पातळ ठेवा आणि डिश भरताना लिटरमागे दीडशे ग्रॅमच्या आसपास जाडी सेव घालून लगेच काउंटरवर न्या. एका वेळी चार लिटरपेक्षा जास्त भरू नये.

दालेचा आकडा जेवणात भाकरी, पुरी, भात यांतलं काय आहे त्यावर हलतो, आणि इंदूरमध्ये सगळ्यात जास्त हलतो तो बाफल्यामुळे. बाफला कुस्करला की दाल शोषून घेतो, आणि माणूस तो कोरडा वाटेपर्यंत दाल ओतत राहतो. बाफले असतील तर दालेचे माणशी साडेतीन डाव धरा आणि इतर रश्शांचे निम्मे करा. अशा जेवणात दोन डाव दाल धरणाऱ्याची दाल पहिल्या तासातच संपते. संध्याकाळच्या रिसेप्शनला चित्र वेगळं असतं. पाणीपताशे, भुट्ट्याचा किस, थंडीत गराडू असे काउंटर असले तर माणूस ताट घेतो तेव्हा निम्मा भरलेला असतो. तिथे माणशी एकूण डाव तीनच धरावेत.

मांडणीनेही आकडा बदलतो, आणि हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. रश्शाशेजारी दीडशे मिलीची वाटी ठेवली की माणूस ती भरतो, म्हणजे दोन डाव एकाच वेळी गेले. खणाच्या ताटात तोच माणूस एक डाव घेतो. महागाचा रस्सा रांगेच्या सुरुवातीला ठेवला तर रिकाम्या ताटात तो जास्त पडतो. कोशिंबीर, सुकी भाजी आणि पुरी आधी, मग पातळ पदार्थ, असा क्रम लावला तर पनीरची उचल आपोआप बेतात राहते. पाहुण्याचा हात अडवण्यापेक्षा मला हा मार्ग कधीही सभ्य वाटतो. डाव बदलूनही फरक पडतो: पनीरला साठ मिलीचा, दालेला नव्वदचा.

वाढ सुरू झाल्यावर अंदाज तपासायची वेळ शंभराव्या पानाला येते. ताटं पंचवीस-पंचवीसच्या थप्प्यांत लावली असतील तर चार थप्प्या संपल्या की शंभर पानं उठली. तेव्हा पनीर दहा लिटरच्या आसपास गेलेलं असायला हवं. झारा भगोन्यात उभा करून पाहा आणि डिशमधलं उरलेलं वजा करा. समजा तेरा लिटर गेलं. मग उरलेल्या दीडशे जणांना साधारण साडेएकोणीस लिटर लागेल आणि हाताशी सव्वाबाराच्या आसपासच आहे. सात लिटरची तूट तासभर आधी कळली तर भरून निघते, शेवटच्या थप्पीला कळली तर नाही.

तूट भरण्यासाठी प्रत्येक पदार्थ दहा टक्के जास्त करायची गरज नसते. कांदा-टमाट्याचा तेल सुटेपर्यंत परतलेला दाट मसाला तीन लिटर वेगळा काढून ठेवावा. त्यात तितकंच उकळतं पाणी घालून दहा मिनिटं उकळलं की सहा लिटर रस्सा होतो. तो मटार-पनीरलाही चालतो आणि सेव-टमाटरलाही. जास्तीचं पनीर दीड किलो फ्रीजमध्ये, आणि सोबत थोडे उकडलेले मटार. दाल मात्र पाच लिटर जास्तच करावी, ती स्वस्त पडते आणि ऐनवेळी शिजत नाही.

काउंटरवरचा रस्सा साठ अंशांच्या वर गरम राहिला पाहिजे. डिशमधली उरलेली भाजी परत भगोन्यात ओतू नका. पाहुण्यांचे डाव त्यात शंभरदा बुडालेले असतात आणि ती नासली तर पूर्ण भगोना जातो. वेगळा ठेवलेला मसाला वापरावा लागला नाही, तर तो भांड्यात तसाच झाकून ठेवू नका. पसरट ट्रेमध्ये दोन बोटं जाडीचा थर करा, वाफ गेली की फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशीच्या कामात आधी तोच संपवा.